व्हायव्हाची प्रश्नवही: प्रत्येक उत्तरासमोर प्रबंधाचं पान

पीएच.डी.च्या प्रबंधावर दोन्ही परीक्षकांचे रिपोर्ट आल्याचा गाइडचा फोन येतो आणि व्हायव्हाची तारीख दहा-पंधरा दिवसांवर असल्याचं कळतं. त्यानंतर बहुतेक संशोधक आधी पीपीटी करायला बसतात आणि मग सीनियरकडून शंभर प्रश्नांची एखादी तयार फाइल मागवतात. त्या फाइलमध्ये संशोधनाची व्याख्या, गृहीतकाचे प्रकार, प्राथमिक आणि दुय्यम माहितीतला फरक असलं सगळं असतं. पण समोर बसणाऱ्या बहिःस्थ परीक्षकानं तुमचा प्रबंध वाचून, पेन्सिलीनं खुणा करून, त्यावर लेखी अहवाल दिलेला असतो. तो पान १३२ उघडून विचारतो, "हा आकडा कुठून आला?" त्याचं उत्तर शंभर प्रश्नांच्या फाइलमध्ये नसतं, तुमच्या प्रबंधात असतं.

मी वाणिज्य शाखेच्या संशोधन केंद्रात शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांकडून व्हायव्हाआधी मी एक वही करून घेते. प्रश्न, थोडक्यात उत्तर, पान आणि त्या उत्तरातून उठणारा पुढचा प्रश्न, असे तिचे चार रकाने असतात. यातला पानाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्या उत्तरासमोर पान लिहिता येत नाही, ते उत्तर प्रबंधातलं नाही. ते वेगळ्या रंगात लिहायचं आणि वेगळ्या पद्धतीनं द्यायचं.

आधी कोणती प्रत समोर ठेवायची

विद्यापीठात जमा केलेलीच प्रत घ्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण माझ्या स्वतःच्या व्हायव्हात मी इथेच अडकले. प्रबंध जमा केल्यावर मी संगणकावरच्या फाइलमध्ये दोन तक्ते दुरुस्त केले होते आणि तयारी त्याच फाइलवरून केली. परीक्षकांच्या हातात जुनी प्रत होती. मी ठामपणे सांगितलेली टक्केवारी त्यांच्या पानावर वेगळीच होती. तक्ता का बदलला हे समजावण्यात पाच-सात मिनिटं गेली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक आकड्याकडे संशयानं पाहिलं गेलं.

म्हणून जमा केलेल्या पीडीएफची एक छापील प्रत काढा. हातात पेन्सिल घेऊन ती एकदा शेवटपर्यंत वाचा. या वाचनात चार गोष्टींना खूण करायची. पहिली, प्रत्येक आकडा. दुसरी, निवड दाखवणारी प्रत्येक जागा, म्हणजे 'बारा गावे निवडली', 'ही चाचणी वापरली', 'हा कालखंड घेतला' अशी वाक्यं. तिसरी, दाव्याचे शब्द: 'परिणाम झाला', 'सिद्ध झाले', 'लक्षणीय', 'बहुसंख्य'. आणि चौथी, ज्यांच्या व्याख्या किंवा मतं तुम्ही उद्धृत केलीत ती नावं. परीक्षकांचे बहुतेक प्रश्न या चार प्रकारच्या जागांवरच उभे असतात. वाचताना सापडलेल्या चुका वेगळ्या कागदावर पान-ओळीसह लिहून ठेवा. परीक्षकानं चूक दाखवण्याआधीच हा कागद तुमच्याकडे तयार असेल, तर चूक एका वाक्यात मिटते.

रिपोर्टमधून पहिले प्रश्न

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार प्रबंध गाइडबरोबर किमान दोन बहिःस्थ परीक्षक तपासतात, आणि व्हायव्हाला गाइड व त्या दोघांपैकी किमान एक जण असतो. ती ऑनलाइनही घेता येते. याचा तयारीसाठी अर्थ असा, की समोर येणारा परीक्षक एकच असला तरी प्रश्न दोन्ही अहवालांतले येऊ शकतात. गाइडकडून दोन्ही अहवालांतले शेरे मागून घ्या.

अहवालातलं एक वाक्य म्हणजे एक प्रश्न नव्हे. 'नमुना निवडीचे स्पष्टीकरण अधिक सविस्तर हवे होते आणि संदर्भ साहित्याचा आढावा वर्णनात्मक झाला आहे' या एका वाक्यात निदान तीन प्रश्न आहेत. नमुना कसा निवडला? त्याचा आकार कसा ठरवला? आणि आधीच्या अभ्यासांतून तुमच्या विषयातली नेमकी कोणती जागा रिकामी दिसली? प्रत्येक शेरा असा फोडून वहीत लिहा. कौतुकाचे शेरेही सोडू नका. 'प्राथमिक माहिती मेहनतीने गोळा केली आहे' असं ज्यानं लिहिलंय, तो त्या मेहनतीबद्दल हमखास विचारतो: किती दिवस लागले, किती जणांनी नकार दिला, मुलाखती तुम्ही स्वतः घेतल्या का.

साखळी तपासा, तुटली तिथे प्रश्न आहे

आता एका मोठ्या कागदावर प्रत्येक उद्दिष्ट लिहा. त्याच्यापुढे त्याचं गृहीतक, मग प्रश्नावलीतला प्रश्न क्रमांक, मग तक्ता, मग चाचणी आणि शेवटी निष्कर्ष, पानांसह. चार उद्दिष्टं असतील तर चार ओळी होतील. एखाद्या ओळीत मधली जागा रिकामी राहिली, तर परीक्षकालाही ती दिसलेली असते असंच धरून चाला. मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली फट म्हणजे निष्कर्षांच्या प्रकरणात आलेल्या शिफारशी. संशोधक लिहितो, 'शासनाने अनुदानाची प्रक्रिया सोपी करावी', पण प्रश्नावलीत अनुदानाच्या प्रक्रियेवर एकही प्रश्न नसतो. अशा शिफारशीसमोर पान लिहायला गेलात की काहीच सापडत नाही. तो प्रश्न लगेच वहीत घ्या.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

समजा, प्रबंध एका तालुक्यातल्या ऊस उत्पादकांवर आहे आणि ठिबक सिंचनाचा उत्पादनाशी असलेला संबंध त्यात अभ्यासलाय. खालचे सगळे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. बारा गावांतले ८,००० ऊस उत्पादक, त्यातून ३८१ जणांचा नमुना. त्यांपैकी १६४ जणांकडे ठिबक आहे, २१७ जणांकडे नाही. ठिबकवाल्यांचं सरासरी उत्पादन एकरी ४६ टन, बाकीच्यांचं ३८ टन.

पहिला प्रश्न ठरलेला: ३८१ हा आकडा कुठून आला? आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत यामाने यांचं सूत्र वापरलेलं असतं:

```
n = N / (1 + N × e²)
n = 8000 / (1 + 8000 × 0.05²) = 8000 / 21 = 380.95
```

विद्यार्थी पहिल्या कच्च्या वहीत उत्तर लिहितो: 'यामाने यांच्या सूत्रानुसार नमुना आकार निश्चित केला.' हे उत्तर चुकीचं नाही, पण पुढचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. ०.०५ म्हणजे काय? आणि हे सूत्र कोणत्या निवडीसाठी आहे? सूत्रात ०.०५ ही मान्य केलेली चुकीची मर्यादा आहे आणि विश्वासाची पातळी ९५ टक्के धरलेली आहे. सूत्र साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. तुम्ही मात्र आधी गावं निवडलीत आणि मग त्या गावांतले शेतकरी. एकाच गावातल्या शेतकऱ्यांची माती, पाणी आणि कारखाना बहुधा सारखाच असतो, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक पाच टक्क्यांहून जास्त असू शकते.

आता वहीतलं पक्कं उत्तर असं होईल:

*प्रश्न: नमुना आकार कसा ठरवला?*
*उत्तर: बारा गावांतल्या ८,००० उत्पादकांवर यामाने यांचं सूत्र पाच टक्के चुकीची मर्यादा धरून लावलं, त्यातून ३८१ आले. गावं हेतुपूर्वक निवडली आणि शेतकरी कारखान्याच्या सभासद यादीतून चिठ्ठी पद्धतीनं घेतले. निवड दोन टप्प्यांत असल्यामुळे प्रत्यक्ष चूक पाच टक्क्यांपेक्षा काहीशी जास्त असू शकते, म्हणून निष्कर्ष या बारा गावांपुरतेच मांडले आहेत.*
*पान: ८८, ९१, मर्यादा २१४*
*पुढचा प्रश्न: सभासद नसलेले शेतकरी कुठे गेले?*

उत्तरात तीनच वाक्यं आहेत. पहिल्यात थेट उत्तर, दुसऱ्यात ते कसं केलं, तिसऱ्यात त्याची हद्द. बोलताना याला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. चौथं वाक्य लिहावंसं वाटलं, तर ते पुढच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवा. 'सभासद नसलेले कुठे गेले' याचं उत्तर वेगळं लिहायचं: यादी कारखान्याची असल्यामुळे फक्त गुऱ्हाळाला ऊस देणारे किंवा दुसऱ्याच्या नावावर ऊस घालणारे छोटे शेतकरी नमुन्यात आले नाहीत. ही मर्यादा प्रबंधात लिहिली असेल तर पान द्या. लिहिली नसेल तर उत्तर वेगळ्या रंगात.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते सगळी व्हायव्हा त्यावरच फिरते: आठ टनांची वाढ ठिबकमुळेच झाली हे कशावरून? विद्यार्थी सहसा टी-चाचणीकडे बोट दाखवतो. फरक लक्षणीय आहे, एवढंच ती चाचणी सांगते. फरक कशामुळे आहे ते ती सांगत नाही. ठिबक घेणाऱ्याकडे मुळात जमीन जास्त असेल, विहीर असेल, बेणं चांगलं असेल, तर उत्पादन आधीपासूनच जास्त असणार.

इथे प्रबंध नीट चाळला की उत्तर सापडू शकतं. समजा पान १४७ वर जमीनधारणेनुसार फोड करणारा एक तक्ता आहे, पण विद्यार्थ्याला त्याची आठवण नाही. त्यात असं दिसतं:

पाच एकरांपर्यंत जमीन असलेले: ठिबक असलेले ३३ जण, सरासरी ४२ टन, नसलेले १६३ जण, ३७ टन.
पाच एकरांहून जास्त: ठिबक असलेले १३१ जण, ४७ टन, नसलेले ५४ जण, ४१ टन.

लहान शेतकऱ्यांत फरक पाच टनांचा, मोठ्यांत सहा टनांचा. म्हणजे एकूण सरासरीत दिसणाऱ्या आठ टनांपैकी दोन-तीन टन केवळ ठिबकवाल्यांत मोठे शेतकरी जास्त असल्यामुळे आले. आता उत्तर प्रामाणिकही होतं आणि मजबूतही:

*उत्तर: पूर्ण आठ टन ठिबकमुळे आले असा दावा मी करत नाही. जमीनधारणेनुसार फोड केल्यावर फरक पाच ते सहा टनांवर येतो, आणि दोन्ही गटांत तो टिकतो. पाण्याचा स्रोत आणि बेणं यांचा हिशोब यात नाही, त्यामुळे हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही.*
*पान: १३२, १४७*
*पुढचा प्रश्न: मग निष्कर्षात 'ठिबकमुळे उत्पादन वाढले' असं का लिहिलं?*

त्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. शब्द चुकला, आणि सुधारणा करायला सांगितल्यास तिथे 'ठिबक असलेल्यांचे उत्पादन जास्त आढळले' असं लिहीन. दाव्याच्या शब्दांना पेन्सिलीनं खूण करायची ती याचसाठी. एखादा विद्यार्थी 'मुळे' या प्रत्ययाचा इतका बचाव करत राहतो, की परीक्षकाला मागे हटायलाच जागा उरत नाही. चांगल्या तक्त्याला वाचवायचं असेल तर एक प्रत्यय सोडून द्या.

छापील आकड्यांतले सापळे

एसपीएसएसच्या तक्त्यात `Sig.` या रकान्याखाली `.000` दिसतं आणि ते प्रबंधात जसंच्या तसं उतरतं. परीक्षक विचारतो, संभाव्यता शून्य कशी असेल? ती शून्य नसते. आज्ञावली तीन दशांशांपर्यंतच दाखवते, म्हणून ती ०.००१ पेक्षा कमी आहे एवढंच त्याचा अर्थ. हे उत्तर आणि ज्या पानांवर तसं छापलंय ते सगळे पान क्रमांक एकत्र लिहून ठेवा.

काय-वर्ग चाचणीच्या तक्त्याखाली आज्ञावली एक टीप देते: किती चौकटींत अपेक्षित वारंवारता पाचापेक्षा कमी आहे. हा वाटा २० टक्क्यांच्या वर गेला, तर त्या चाचणीच्या निकालावर भरवसा ठेवणं अवघड होतं. प्रबंधात तक्ता घेताना ही टीप बहुधा कापली जाते. मूळ आउटपुट उघडून ती पाहून ठेवा. जिथे वाटा जास्त निघेल, तिथे गट एकत्र करून चाचणी पुन्हा चालवा आणि निकाल बदलतो का ते टिपून ठेवा. हे उत्तर प्रबंधाबाहेरचं आहे, त्यामुळे वेगळ्या रंगात.

प्रश्नावली मराठीत, प्रबंध इंग्रजीत

महाराष्ट्रात हे सर्रास असतं, आणि यावरचा प्रश्न क्वचितच कुणी तयार ठेवतं. शेतकऱ्याला तुम्ही मराठीत विचारलंत आणि परिशिष्टात इंग्रजी प्रश्नावली लावलीत. परीक्षक विचारू शकतो की 'समाधान' मोजणारी पाच पायऱ्यांची श्रेणी तुम्ही शेतकऱ्यापुढे कोणत्या शब्दांत ठेवलीत. 'अंशतः सहमत' हा शब्द कागदावर ठीक वाटतो, पण बांधावर उभं राहून तो कुणी विचारत नाही. तुम्ही प्रत्यक्षात 'थोडं पटतं का' असं विचारलं असेल, तर तेच सांगा. आधी किती जणांवर प्रश्नावली तपासून पाहिली आणि त्यानंतर कोणते शब्द बदलले, हे पानासह लिहून ठेवा. मराठी प्रश्नावलीची एक प्रत सोबत न्या.

व्हायव्हा संशोधन सल्लागार समितीचे सदस्य, प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांना खुली असते. त्यामुळे दुसऱ्या विषयाचा एखादा श्रोता साध्या मराठीत विचारतो, "यातून शेतकऱ्याला काय मिळालं?" इंग्रजीत घोकलेलं उत्तर त्या वेळी जिभेवर येत नाही. प्रबंध कोणत्याही भाषेत असो, शीर्षक, मुख्य निष्कर्ष आणि नवं काय सापडलं, या तीन प्रश्नांची उत्तरं दोन्ही भाषांत मोठ्यानं बोलून पाहा.

वेगळ्या रंगाची उत्तरं

'हे का केलं नाही' हा प्रश्न येणारच. शेजारचा तालुका का नाही, बहुचलीय प्रतिगमन का नाही, पाण्याचं मोजमाप प्रत्यक्ष का केलं नाही. यांच्यासमोर पान नसतं, त्यामुळे विद्यार्थी तिथल्या तिथे एखादं कारण रचतो, आणि रचलेलं कारण पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं. खरं कारण आधीच लिहून ठेवा. 'पाण्याचे मीटर नव्हते, म्हणून शेतकऱ्यांनी सांगितलेले तास घेतले. त्यामुळे पाणी बचतीचा आकडा अंदाजित आहे' हे पूर्ण उत्तर आहे. 'सुचलं नव्हतं' हेच खरं असेल, तर म्हणा, 'प्रतिगमनाचा तेव्हा विचार केला नव्हता. केला असता तर जमीनधारणेचा परिणाम अधिक नीट वेगळा करता आला असता.' दुसऱ्या वाक्यावरून तुम्हाला ती पद्धत कळते हे परीक्षकाला समजतं.

यादी लहान करणं

पहिल्या फेरीत ऐंशी-नव्वद प्रश्न सहज होतात. इतके ठेवू नका. ज्या प्रश्नांची उत्तरं एकाच पानावर जातात ते एकत्र करा. पस्तीस ते चाळीस प्रश्न उरले की थांबा. त्यांतले दहा असे निवडा, की ज्यांची पुढच्या प्रश्नाची साखळी दोन-तीन पायऱ्या खोल जाते. तयारीचा बहुतेक वेळ या दहांना द्या. संशोधनाच्या व्याख्येसारखे सर्वसाधारण प्रश्न एकदा वाचून सोडून द्या.

मग वही दुसऱ्याच्या हातात द्या. आपल्या विषयातला एखादा सहसंशोधक आणि विषयाबाहेरचा एक जण असे दोघं मिळाले तर उत्तम. प्रश्न क्रमानं विचारू नका असं त्यांना सांगा आणि उत्तरानंतर एकदा तरी 'म्हणजे काय?' असं विचारायला लावा. ते दोन गोष्टी टिपून घेतील: उत्तर एका मिनिटाच्या वर गेलं का, आणि सांगितलेलं पान प्रबंधात पंधरा सेकंदांत सापडलं का. पान सापडायला वेळ लागत असेल तर प्रतीला रंगीत चिकटपट्ट्या लावा. महत्त्वाचे तक्ते, नमुना निवड, मर्यादा आणि निष्कर्ष एवढ्या जागांना पुरे. प्रत्येक पानाला पट्टी लावली की काहीच सापडत नाही.

या सरावात एक खूण नक्की पाहा. प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर अडखळतं का? 'नमुना आकार कसा ठरवला' याला झरझर उत्तर येतं, पण 'एवढेच शेतकरी का घेतले?' म्हटल्यावर गोंधळ उडत असेल, तर उत्तर पाठ झालंय, समजलेलं नाही. त्या प्रश्नाचं लिहिलेलं उत्तर खोडा. रकान्यात तीनच शब्द ठेवा, 'सूत्र, दोन टप्पे, हद्द', आणि वाक्य दर वेळी नव्यानं बोला. आदल्या दिवशी सगळ्या वहीचंच असं करायचं: एका कागदावर प्रत्येक प्रश्नासाठी दोन-तीन खुणेचे शब्द आणि पान क्रमांक. व्हायव्हाच्या टेबलावर प्रबंधाच्या प्रतीशेजारी हा एक कागद, चुकांचा कागद आणि मराठी प्रश्नावली ठेवा. वही घरी राहू द्या.